एका मिनिटाचा परिचय-व्हिडिओ: पहिल्या नोकरीसाठी स्क्रिप्ट कशी लिहावी

अर्ज भरत भरत शेवटच्या रकान्यापर्यंत आलात आणि तिथे लिहिलेलं दिसलं, "स्वतःचा परिचय देणारा एक मिनिटाचा व्हिडिओ जोडा." बहुतेक जण लगेच फोन हातात घेतात, दहा-बारा वेळा बोलून बघतात आणि त्यातल्या त्यात बरा वाटणारा टेक पाठवून देतात. तसे व्हिडिओ मी भरतीच्या कामात खूप पाहिले आहेत. नाव, कॉलेज, टक्केवारी, "मी मेहनती आणि प्रामाणिक आहे", छंद, "आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळावी". असे सलग दहा पाहिले की अकराव्या वेळी कोण काय बोललं ते सांगता येत नाही. मुलं हुशार असतात, पण त्यांच्या एका मिनिटात धरून ठेवण्यासारखं काही नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. एका मिनिटात एकच काम सांगा, पण ते नीट सांगा. मार्क, विषय, प्रमाणपत्रं ही सगळी यादी बायोडेटात असतेच, ती पुन्हा वाचून दाखवण्यात मिनिट घालवू नका. व्हिडिओ पाहणाऱ्याला वेगळंच जाणून घ्यायचं असतं. हा माणूस स्वतः केलेल्या कामाबद्दल समजेल असं बोलतो का? उद्या आमच्या माणसांसमोर, ग्राहकासमोर याला बसवता येईल का? ते कळायला एक नीट सांगितलेलं काम पुरतं.

पुढे मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे. संख्याशास्त्रात पदवी घेतलेली एक मुलगी, नोकरीचा काहीच अनुभव नाही, अर्ज एका घाऊक विक्री करणाऱ्या कंपनीतल्या डेटा असिस्टंट पदासाठी. तुमचा विषय आणि पद वेगळं असेल, पण पायऱ्या याच राहतात.

आधी जाहिरात वाचा, पेन हातात घेऊन

जाहिरातीत दोन प्रकारची माहिती असते. एक म्हणजे व्हिडिओबद्दलच्या सूचना: किती सेकंद, कोणत्या भाषेत, फोन आडवा धरायचा की उभा, फाइल चढवायची की लिंक द्यायची. या सूचना एका कागदावर उतरवून समोर ठेवा. ६० सेकंद म्हटलं असेल तर ६३ चालणार नाहीत. काही पोर्टलवर मर्यादेनंतरचं रेकॉर्डिंग आपोआप तुटतं आणि तुमचं शेवटचं वाक्य अर्धवट राहतं. म्हणून ६० सेकंदांसाठी ५५ ते ५७ सेकंदांचं लक्ष्य ठेवा.

दुसरी माहिती कामाची. जाहिरातीत दहा ओळी असल्या तरी रोजचं काम दोन-तीन ओळींतच असतं. "टीममध्ये काम करता येणं", "शिकण्याची तयारी" या ओळी सगळ्याच जाहिरातींत असतात, त्या सोडा. आपल्या उदाहरणातल्या जाहिरातीत खऱ्या ओळी दोनच निघाल्या: विक्रीच्या नोंदी तपासून स्वच्छ ठेवणं आणि दर आठवड्याला अहवाल तयार करणं. आता प्रश्न असा, की या दोन्हींच्या जवळ जाणारं काय काम या मुलीने आजवर केलं आहे?

कोणतं काम निवडायचं

इथे बहुतेक जण म्हणतात, "मी तर काहीच केलेलं नाही." ते खरं नसतं. "यश" हा शब्द डोक्यात असल्यामुळे बक्षीस नसलेलं काम आठवतच नाही. म्हणून स्वतःला वेगळा प्रश्न विचारा: गेल्या दोन-तीन वर्षांत असं कुठलं काम होतं, जे मी नसते तर अडलं असतं, किंवा कुणाला जास्त वेळ लागला असता? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, संमेलनाचा हिशेब, शेजारच्या मुलांची शिकवणी, नातेवाइकांच्या दुकानातली साठ्याची वही, वसतिगृहातल्या तक्रारींची नोंद, काहीही चालेल. तीन-चार कामं लिहा आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट नोंदवा: काम सुरू करण्याआधी परिस्थिती काय होती आणि नंतर काय झाली. ज्या कामापुढे हे दोन्ही भरता येतं, ते तुमचं काम.

या मुलीच्या यादीत तीन गोष्टी होत्या. आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेत दुसरा क्रमांक, एका ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र आणि कॉलेजच्या ग्रंथालयात उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांवर केलेला प्रकल्प. तिला पहिली गोष्ट सांगायची होती, कारण तिथे टाळ्या मिळाल्या होत्या. पण त्यातून कंपनीला तिच्या कामाबद्दल काही कळत नाही. ग्रंथालयाच्या प्रकल्पात मात्र गोंधळलेल्या नोंदी होत्या, त्या तिने दुरुस्त केल्या होत्या आणि त्यातून एक यादी नियमित निघत होती. जाहिरातीत जे काम मागितलं होतं तेच, फक्त विक्रीच्या जागी पुस्तकं.

काम मोठं असण्याची गरज नाही. मात्र ते तुम्ही स्वतः केलेलं असायला हवं. मुलाखतीत त्याच कामावर दहा मिनिटं प्रश्न येतील, आणि गटातल्या दुसऱ्याने केलेला भाग तुम्ही आपला म्हणून सांगितला असेल तर तिसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं.

लिहू नका, आधी बोला

आपल्याकडे लिहायची मराठी वेगळी आणि बोलायची वेगळी. वही घेऊन बसलं की हात आपोआप निबंधाच्या भाषेकडे वळतो. त्या मुलीचा पहिला मसुदा असा होता:

"माझे नाव अमुक असून मी संख्याशास्त्र विषयात प्रथम श्रेणीत पदवी प्राप्त केलेली आहे. अंतिम वर्षात ग्रंथालयाच्या माहितीचे विश्लेषण करण्यात आले. सदर प्रकल्पातून मला चिकाटीचे महत्त्व समजले. मी मेहनती, जिद्दी व प्रामाणिक असून नवनवीन गोष्टी शिकण्याची मला आवड आहे."

यात चुकीचं काही नाही, पण कुणी माणूस असं बोलत नाही. "करण्यात आले" या दोन शब्दांनी तर सगळ्यात मोठं नुकसान केलं आहे. काम कोणी केलं तेच त्यात गायब झालं. नम्रता म्हणून आपण "आम्ही केलं", "करण्यात आलं" असं म्हणतो. ऐकणाऱ्याला त्यातून तुमचा वाटा कळत नाही. गटाचा प्रकल्प असेल तर तसं एकदा सांगा आणि लगेच "त्यात माझ्याकडे नोंदी दुरुस्त करण्याचं काम होतं" असं म्हणून पुढची सगळी वाक्यं "मी"ने बोला. त्यात बढाई नाही, माहिती आहे.

म्हणून कागद बाजूला ठेवा. मित्राला किंवा मैत्रिणीला समोर बसवा, फोनवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि ते काम सांगा. समोरच्याने तीनच प्रश्न विचारायचे: अडचण काय होती? तू नेमकं काय केलंस? त्यानंतर काय बदललं? तीन-चार मिनिटं बोलणं होईल. मग ते रेकॉर्डिंग ऐकत शब्दन् शब्द उतरवून काढा, "म्हणजे", "ॲक्चुअली", "तसं पाहिलं तर" सगळं धरून.

त्या मुलीने बोलताना जे सांगितलं त्यात हे वाक्य होतं: "अगं, एकच पुस्तक रजिस्टरमध्ये चार-चार पद्धतींनी लिहिलेलं होतं. कुठे लेखकाचं नाव आधी, कुठे नुसतं आडनाव, कुठे नावात एक अक्षर चुकलेलं. मोजायला गेलं की प्रत्येक वेळी वेगळाच आकडा." लेखी मसुद्यात याचा पत्ता नव्हता. तिथे फक्त "माहितीचे विश्लेषण" होतं. व्हिडिओ पाहणाऱ्याला मात्र हेच लक्षात राहतं, कारण नोंदींचं काम करणाऱ्या प्रत्येकाने असा गोंधळ पाहिलेला असतो.

तुमच्या मिनिटात किती शब्द बसतात

हा हिशेब स्वतःसाठी स्वतः करायचा असतो. त्या रेकॉर्डिंगमधलं मधलं एक मिनिट घ्या आणि त्यातले शब्द मोजा. वाचताना मोजू नका, वाचण्याचा वेग बोलण्यापेक्षा जास्त येतो आणि हिशेब फसतो. इंग्रजीत मिनिटाला १५० शब्द असा आकडा अनेक ठिकाणी दिलेला असतो, तो मराठीला जसाच्या तसा लावू नका. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. "जाहिरातीतल्यासारखं" हा मोजायला एक शब्द, पण बोलायला तीन शब्दांइतका वेळ घेतो. समजेल अशा गतीने बोललं तर मराठीत ११० ते १३० शब्द हा बहुतेकांसाठी ठीक अंदाज आहे.

या मुलीचा वेग मिनिटाला साधारण १२५ शब्द निघाला. ५६ सेकंद धरले तर हातात ११६-११७ शब्द. जाहिरात दुसऱ्या भाषेत व्हिडिओ मागत असेल तर मराठी स्क्रिप्टचं भाषांतर करत बसू नका. त्या भाषेत पुन्हा बोला, पुन्हा उतरवा, पुन्हा मोजा. भाषांतर केलेलं वाक्य तोंडात नीट बसत नाही आणि कॅमेऱ्यासमोर नेमकं तिथेच अडखळायला होतं.

कापाकापी

उतरवून काढलेला मजकूर चारशे-पाचशे शब्दांचा असतो आणि त्यातले सव्वाशेच्या आतले ठेवायचे असतात. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

वाटणी मी अशी करते. नाव, पदवी आणि कोणत्या पदासाठी अर्ज, यासाठी आठ सेकंद. मधल्या कामासाठी निम्म्याहून जास्त वेळ, तीस-बत्तीस सेकंद. त्या कामाचा या पदाशी संबंध आणि तुम्हाला काय अजून येत नाही, यासाठी बारा सेकंद. निरोपाचे चार. मुलं उलट करतात. ओळख आणि शिक्षणावर पंचवीस सेकंद जातात आणि कामाला एक वाक्य उरतं.

कापताना प्रत्येक वाक्याला एक कसोटी लावा: हे वाक्य तुमच्या वर्गातला दुसरा कुणीही बोलू शकेल का? "मला शिकण्याची आवड आहे" कुणीही बोलेल, म्हणून गेलं. "एकच पुस्तक चार-चार पद्धतींनी लिहिलेलं" फक्त तीच बोलेल, ते राहिलं. गुणांची विशेषणं या कसोटीला एकही टिकत नाहीत. मेहनत सांगायची असेल तर नोंदींचा आकडा सांगा, तेवढ्यात ती दिसते.

वाक्यं लहान ठेवण्यामागे मराठीचं स्वतःचं एक कारण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. वाक्य लांबलं की शेवटाला श्वास संपतो, आवाज खाली जातो आणि नेमकं क्रियापदच गिळलं जातं. "...या सर्व बाबींचा विचार करून मी एक तक्ता" एवढं ऐकू येतं आणि "बनवला" हवेत विरतं. दहा-बारा शब्दांच्या आत वाक्य संपलं की हे टळतं. ज्या वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागतो ते तोडा.

पूर्ण झालेली स्क्रिप्ट अशी:

"नमस्कार, मी (नाव आडनाव). यंदा संख्याशास्त्रात पदवी घेतली आणि तुमच्या डेटा असिस्टंट पदासाठी अर्ज केला आहे.

शेवटच्या वर्षी मी कॉलेजच्या ग्रंथालयात उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांवर प्रकल्प केला. एका सत्राच्या तीन हजार आठशे नोंदी होत्या. एकच पुस्तक चार-चार पद्धतींनी लिहिलेलं, त्यामुळे मोजणीच जमत नव्हती. मी दाखल क्रमांकावरून नावं एकसारखी केली. मग स्प्रेडशीटमध्ये असा तक्ता केला, ज्यात नोंदी भरताच उशिराची यादी समोर येते. पूर्वी ती यादी करायला ग्रंथपालांना अख्खी दुपार लागायची, आता वीस मिनिटं लागतात. मी कॉलेज सोडलं तरी तिथे दर आठवड्याला तोच तक्ता वापरतात.

तुमच्या जाहिरातीत नोंदींची साफसफाई आणि आठवड्याचा अहवाल ही दोन कामं आहेत. ती दोन्ही मी छोट्या प्रमाणावर केली आहेत. एसक्यूएल अजून शिकते आहे, साध्या क्वेरी लिहिता येतात.

तो तक्ता तुम्हाला उघडून दाखवायला आवडेल. धन्यवाद."

नावासकट ११६ शब्द होतात. त्यातले ६७ मधल्या कामाला दिले आहेत.

यातल्या तीन-चार जागांबद्दल थोडं सांगते. "दाखल क्रमांकावरून" या शब्दांवर ती अडली होती, तिला वाटलं हे फार बारीक होईल. मी ते ठेवायला लावलं. पद्धत सांगितली नाही तर "नावं एकसारखी केली" हे वाक्य कुणीही बोलू शकतं. प्रत्येक प्रतीला स्वतःचा दाखल क्रमांक असतो, तो नावासारखा चार पद्धतींनी लिहिला जात नाही, म्हणून त्याला धरून नावं सुधारता येतात. नोंदींचं काम करणारा माणूस ते ऐकून लगेच समजतो, की हिला हे काम खरंच ठाऊक आहे. पण बारकावा असा एकच पुरे. सूत्रांची नावं, तक्त्यातले रकाने हे मुलाखतीसाठी राखून ठेवा.

"वीस मिनिटं" हा आकडा तिने ग्रंथपालांना विचारून घेतला. तिचा स्वतःचा अंदाज "पाच मिनिटांत होतं" असा होता, पण नोंदी भरायचा वेळ तिने धरलाच नव्हता. आकडा सांगायचा असेल तर तो कसा मोजला हे तुम्हाला एका वाक्यात सांगता यायला हवं. मोजलेला नसेल तर आकडा टाळा आणि बदल साध्या शब्दांत सांगा: "आता ती यादी हाताने करावी लागत नाही."

"एसक्यूएल अजून शिकते आहे" हे वाक्य बऱ्याच जणांना कमीपणाचं वाटतं. जाहिरातीत एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा, मागितलेलं होतं आणि तिला ते पूर्ण येत नव्हतं. गप्प बसलं तर समोरचा एक तर "येत असेल" असं धरतो किंवा "येत नसेल" असं. कुठवर येतं ते सांगितलं की त्याला अंदाज बांधावा लागत नाही. एवढंच, की असं वाक्य एकच असावं आणि त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात काय जमतं ते यावं. कमी मार्क, राहिलेला विषय, मधलं वाया गेलेलं वर्ष यांचा खुलासा या मिनिटात नको. तो विचारला तर मुलाखतीत शांतपणे द्यायचा.

शेवटचं वाक्य विनंतीचं न ठेवता देण्याचं ठेवलं आहे. "संधी द्यावी ही नम्र विनंती" ऐकून समोरच्याला पुढे काय करायचं ते कळत नाही. "तक्ता उघडून दाखवायला आवडेल" यावर तो "दाखवा" म्हणू शकतो. मात्र मग तो तक्ता खरोखर तयार ठेवा, आणि ग्रंथालयातल्या वाचकांची नावं त्यातून आधी काढून टाका. दुसऱ्यांची माहिती उघडी दाखवली तर नोंदी सांभाळण्याच्या नोकरीसाठी ती भलतीच वाईट सुरुवात होईल.

आकडे स्क्रिप्टमध्ये अक्षरांत लिहिले आहेत तेही मुद्दाम. "३८००" लिहिलं की कॅमेऱ्यासमोर क्षणभर "अडतीसशे म्हणू की तीन हजार आठशे" अशी गडबड होते.

पाठ करायचं, पण शब्दशः नाही

शब्दशः पाठ केलं की एक शब्द विसरला तरी सगळी गाडी थांबते. कागद कॅमेऱ्याशेजारी चिकटवून वाचलं तर डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात. फोनचा कॅमेरा हातभर अंतरावर असतो, तिथे नजर दोन बोटं सरकली तरी लपत नाही.

माझी पद्धत अशी. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र शब्दशः पक्कं करा, कारण भीती सुरुवातीला असते आणि घाई शेवटी. मधल्या भागाचे पाच-सहा शब्द एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा: तीन हजार आठशे नोंदी, चार पद्धती, दाखल क्रमांक, तक्ता, दुपार–वीस मिनिटं. चिठ्ठी लेन्सच्या अगदी वर चिकटवा. बोलताना शब्द थोडे मागेपुढे झाले तरी क्रम चुकत नाही. घड्याळ लावून उभ्याने पाच-सहा वेळा बोला. दर वेळी ५२ ते ५८ सेकंदांत बसलं की चित्रीकरणाला बसा. तीन वेळा साठच्या वर गेलं तर वेग वाढवू नका, एक वाक्य काढा. घाईने बोललेलं ११६ शब्दांचं मिनिट सावकाश बोललेल्या १०० शब्दांपेक्षा नेहमीच कमी कळतं.

चित्रीकरण

यासाठी महागडं काही लागत नाही. खिडकीकडे तोंड करून बसा म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडतो. खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळा पडतो. फोनला कशाचा तरी टेकू देऊन लेन्स डोळ्यांच्या उंचीला आणा. तो टेबलावर आडवा टेकवला तर नाकपुड्या आणि छत दिसतं. डोक्यावर थोडी जागा आणि खाली छातीपर्यंत, एवढी चौकट पुरे. बोलताना पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहू नका, लेन्सकडे पाहा. सवय नसेल तर लेन्सच्या शेजारी कागदाचा छोटा बाण चिकटवा.

आवाजावर जास्त लक्ष द्या. चित्र थोडं धूसर असलं तरी माणूस पाहतो, शब्द कळला नाही तर बंद करतो. पंखा बंद करा, कारण कानाला नकोसा न वाटणारा त्याचा आवाज माइकमध्ये सतत घोंघावतो. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. जिथे गादी, पडदे, कपड्यांचं कपाट असेल तिथे तो स्वच्छ येतो. इअरफोनचा माइक वापरणार असाल तर तो कॉलरला किंवा ओढणीला घासत नाही ना ते बघा, त्या घासण्याची खरखर नंतर काढता येत नाही. फोन विमान मोडवर टाका. टेक सुरू झाल्यावर एक सेकंद गप्प राहा, मग बोला, आणि धन्यवाद म्हटल्यावर लेन्सकडे पाहत आणखी एक सेकंद थांबा. नाहीतर शेवटच्या चित्रात तुमचा हात बटणाकडे झेपावताना दिसतो. फक्त हे दोन सेकंद एकूण वेळेत धरायला विसरू नका.

टेक पाच-सहाच घ्या. त्यानंतर चेहरा थकतो आणि वाक्यं यंत्रासारखी यायला लागतात. जमत नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसा.

पाठवण्याआधी तीनदा पाहा

पहिल्यांदा आवाज बंद करून पाहा. नजर वाचणाऱ्यासारखी फिरते का, खांदे डुलतात का, चेहरा ताणलेला आहे का, हे तेव्हाच दिसतं. दुसऱ्यांदा फोन उलटा ठेवून फक्त ऐका, आणि प्रत्येक वाक्याचं क्रियापद ऐकू येतं का तेवढंच तपासा. तिसऱ्यांदा तुमच्या विषयातला नसलेल्या कुणाला तरी एकदाच दाखवा आणि विचारा, "काय लक्षात राहिलं?" ते "छान बोललीस" म्हणाले तर काम झालेलं नाही. "ते पुस्तकांच्या नावांचं, आणि दुपारचं काम वीस मिनिटांत" असं काही म्हणाले तर स्क्रिप्ट पोचली. आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या पहिल्या टेकनंतर तिच्या भावाने "तू काहीतरी ग्रंथालयात कामाला होतीस ना?" असं विचारलं होतं. चूक सापडली: "प्रकल्प" हा शब्दच तिने घाईत गिळला होता. दुसऱ्या टेकमध्ये ती त्या शब्दावर किंचित थांबली आणि प्रश्न मिटला.

फाइलचं थोडं बघावं लागतं. १०८०पी दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ फोननुसार साधारण ६० ते १३० एमबी होतो. जीमेलला २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडता येत नाही. पोर्टलची मर्यादा कमी असेल तर ७२० दर्जावर पुन्हा चित्रित करा, बोलणाऱ्या चेहऱ्यासाठी तो पुरेसा आहे. व्हॉट्सॲपवरून फाइल स्वतःलाच लॅपटॉपवर पाठवत असाल तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दबून येतं. आयफोनवर चित्रित केलेली फाइल समोरच्याकडे उघडत नसेल तर `Settings > Camera > Formats` मध्ये `Most Compatible` निवडून पुन्हा चित्रित करा.

फाइलला `VID_final_final2` असं नाव ठेवून पाठवू नका. नाव, आडनाव आणि पद लिहा, उदाहरणार्थ `Name_Surname_DataAssistant.mp4`. लिंक द्यायची असेल तर गूगल ड्राइव्हमध्ये `Share` उघडून `General access` खाली `Anyone with the link` निवडलं आहे ना ते बघा. यूट्यूबवर टाकत असाल तर `Unlisted` ठेवा. `Private` ठेवलं तर लिंक असूनही समोरच्याला दिसत नाही. मग ब्राउझरची `Incognito` खिडकी उघडून, स्वतःच्या खात्यात लॉगिन न करता, ती लिंक एकदा उघडून पूर्ण ५६ सेकंद पाहा. "परवानगी मागा" असा फलक दिसला तर तोच फलक कंपनीतल्या माणसालाही दिसणार आहे, आणि तो परवानगी मागत बसणार नाही, पुढचा अर्ज उघडेल.